कुरिअरने जास्त ड्युटी लावली? आधी बिल ऑफ एंट्री मागा

परदेशातून पार्सल येतं, दारात कुरिअरवाला ड्युटीचा आकडा सांगतो, आपण यूपीआयने पैसे टाकतो आणि मग कस्टमर केअरवर भांडत बसतो. ते भांडण बहुतेक वेळा वाया जातं, कारण हातात फक्त कुरिअरचं बिल असतं. सरकारला खरोखर किती भरलं हे त्या बिलावरून कळत नाही. ते कळतं कुरिअर बिल ऑफ एंट्रीवरून. कुरिअर कंपनीने तुमच्या नावाने कस्टम्सकडे भरलेला हा कागद आहे, तो मागायला संकोच कसला?

मेल दोन ओळींचा पुरे: ‘एअरवे बिल क्रमांक अमुक. या पार्सलच्या बिल ऑफ एंट्रीची प्रत आणि ड्युटी भरल्याच्या चलनाची प्रत पाठवा. मालाची किंमत, वाहतूक, विमा आणि विनिमय दर किती धरला तेही कळवा.’ फोनवर मागू नका. मेल करा आणि तक्रार क्रमांक घ्या.

प्रत आली की आधी तिच्यातली ड्युटी आणि कुरिअरच्या बिलातली ड्युटी शेजारी ठेवून बघा. कुरिअर तुमच्या वतीने आधी पैसे भरतो, त्याबद्दल आगाऊ रक्कम भरण्याचं शुल्क लावतो आणि त्या शुल्कावर जीएसटीही घेतो. हे सरकारचे पैसे नव्हेत. कमी किमतीच्या पार्सलवर कधी कधी हे शुल्कच ड्युटीच्या जवळ जातं आणि लोक कस्टम्सला शिव्या घालतात! बिलातली ड्युटी चलनापेक्षा जास्त असेल तर फरक कुरिअरकडे आहे आणि तो त्यानेच परत करायचा. टाळाटाळ झाली तर 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करा.

दोन्ही आकडे जुळले आणि तरी रक्कम जास्त वाटली, तर चूक बिल ऑफ एंट्रीच्या आत शोधायची. माझ्या मते सगळ्यात आधी बघायची जागा म्हणजे वाहतुकीचा खर्च. ड्युटी नुसत्या वस्तूवर लागत नाही, वस्तू अधिक वाहतूक अधिक विमा यांच्यावर लागते. पण 2007 च्या सीमाशुल्क मूल्यांकन नियमांतल्या नियम 10 प्रमाणे माल विमानाने आला असेल तर वाहतूक खर्च मालाच्या एफओबी किमतीच्या, म्हणजे पुढचं भाडं आणि विमा सोडून असलेल्या किमतीच्या, 20 टक्क्यांहून जास्त धरता येत नाही, प्रत्यक्षात कितीही झाला असला तरी.

समजा मशीनचा एक जड सुटा भाग 20,000 रुपयांचा आहे आणि एक्सप्रेसचं भाडं 12,000 झालं. मूळ सीमाशुल्क 10 टक्के, त्याच्यावर 10 टक्के समाजकल्याण अधिभार आणि या सगळ्यासकट किमतीवर 18 टक्के आयजीएसटी धरला, तर एकूण बोजा 30.98 टक्के पडतो. विम्याचा आकडा माहीत नसेल तर एफओबीच्या 1.125 टक्के धरतात, म्हणजे इथे 225 रुपये. पूर्ण भाडं धरून मूल्य होतं 32,225 आणि ड्युटी 9,983. भाडं 4,000 वर थांबवलं की मूल्य 24,225 आणि ड्युटी 7,505. फरक 2,478 रुपयांचा, तोही एका रकान्यामुळे.

दुसरा घोळ ‘फ्री शिपिंग’चा. इनव्हॉइसच्या किमतीत भाडं आधीच असतं, तरी वर आणखी 20 टक्के चढवले जातात. विक्रेत्याकडून किंमत आणि भाडं वेगळं दाखवणारा इनव्हॉइस घ्या. वस्तूचा प्रकार आणि त्यावरून ड्युटीचा दर ठरवणारा एचएसएन कोडही तपासा, पण तिथे वाद लांबतो.

आता परताव्याचं. सीमाशुल्क कायद्याच्या कलम 27 नुसार, ज्याने ड्युटी भरली किंवा ज्याने तिचा भार सोसला, तो अर्ज करू शकतो. म्हणजे तुम्हीही. मुदत ड्युटी भरल्यापासून एक वर्ष. ती कुरिअरने सरकारकडे भरल्याच्या तारखेपासून मोजतात, तुम्ही कुरिअरला पैसे दिल्याच्या तारखेपासून नव्हे. चलन मागायचं ते एवढ्यासाठीही.

मात्र थेट परताव्याचा अर्ज टाकला तर तो फेटाळला जाण्याची शक्यता मोठी. आयटीसीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 2019 मध्ये सांगितलं की मूळ आकारणी बदलल्याशिवाय परतावा नाही, मग ती आकारणी आयातदाराने स्वतः केलेली का असेना. म्हणून आधी कुरिअरला लिहा: कलम 149 खाली बिल ऑफ एंट्रीत दुरुस्ती मागा, आकडेमोडीची किंवा टंकनाची चूक असेल तर कलम 154 खाली. सोबत इनव्हॉइस, एअरवे बिल आणि पैसे दिल्याचा पुरावा जोडा. दुरुस्ती नाकारली किंवा वाद दराचा असला तर आयुक्त (अपील) यांच्याकडे 60 दिवसांत अपील करावं लागतं. कुरिअर ‘बघतो’ म्हणत दोन महिने काढतो ते इथे महागात पडतं, म्हणून आठवडाभर उत्तर आलं नाही तर त्याच्या नोडल अधिकाऱ्याला लिहा.

पूर्ण कागदपत्रांसह अर्ज पोचल्यावर तीन महिन्यांत पैसे आले नाहीत तर कलम 27अ खाली व्याज लागू होतं. 100 रुपयांखालच्या फरकासाठी मात्र अर्जच चालत नाही.