माझी अंडी कुठल्या देशाची?

"ताई, मी ३४ ची. ग्रुपवर सगळं वाचलंसच. काका म्हणतात एग फ्रीझिंग म्हणजे शुद्ध फसवणूक, माझ्या मैत्रिणी म्हणतात इन्शुरन्स. तू केलंयस ना? खरं सांग, खर्च किती, चान्स किती, आणि आत्ता करू की ३७ पर्यंत थांबू?"

मामेबहिणीचा हा मेसेज रात्री आला, तिकडे भारतात पहाट झाली असणार. ग्रुपवर मी दोन दिवस मुद्दाम गप्प होते, कारण वाचून वाचून डोकं उठलं होतं. शंभराच्या वर मेसेज, त्यात आजकालच्या मुलींना करिअरच हवं इथपासून आमच्या वेळी हे असलं काही नव्हतं इथपर्यंत सगळं येऊन गेलं, पण गोठवताना वय काय आणि किती अंडी मिळाली हे एकानेही विचारलं नाही. अख्खा विषय या दोन आकड्यांवर उभा आहे. एक आत्या तर शेवटपर्यंत अंडी विकण्याबद्दलच बोलत होत्या, त्यांना कुणी थांबवलंही नाही. आणि दुसऱ्या काकू, "मला ३९ व्या वर्षी झालाच की!" झाला, आनंद आहे, पण म्हणून सगळ्यांना होतो का?

काकांचं म्हणणं असं, की एका अंड्यामागे मूल व्हायची शक्यता शंभरात पाचेक, म्हणून फसवणूक. आकडा तसा बरोबर आहे हो, तिशीच्या उत्तरार्धात साधारण तेवढाच धरतात. पण एकच अंडं कोण गोठवतं? लॉटरीचं एक तिकीट आणि पंधरा तिकिटं यात फरक असतो हे काकांना एरवी चांगलं कळतं.

आता माझं सांगते. मी ३६ ची असताना केलं, इथे ब्रिटनमध्ये. पाळीच्या दुसऱ्या दिवशी स्कॅन, मग रोज संध्याकाळी पोटात इंजेक्शन, पाचव्या-सहाव्या दिवसापासून सकाळचं आणखी एक, म्हणजे अंडी वेळेआधी सुटू नयेत. एक दिवस मीटिंग लांबली आणि ऑफिसच्या टॉयलेटमध्ये, सिस्टर्नवर टिश्यू पसरून, इंजेक्शनचं पेन फिरवत बसले होते. फ्रिजमधून काढलेलं औषध गार असतं, चटका बसतो. अकरा दिवसांनी ट्रिगर, म्हणजे अंडी पक्व करणारं शेवटचं इंजेक्शन, तो रात्री बरोबर साडेअकराला, कारण त्यानंतर ३६ तासांनी अंडी काढायची असतात, उशीर झाला तर सुटून जातात. स्कॅनवर अकरा फॉलिकल्स, म्हणजे अंडी वाढतात त्या पिशव्या, मोजले होते. काढली नऊ. शुद्धीवर आले तेव्हा नर्सने माझ्या हाताच्या मागे पेनाने "९" लिहिलेलं होतं. नंतर लॅबने सांगितलं, पक्व झालेली, गोठवण्यासारखी सातच. अकराचे नऊ, नवाचे सात. इथूनच गळती सुरू होते आणि ती शेवटपर्यंत थांबत नाही, हे मला आधी कुणी नीट सांगितलं नव्हतं.

तीन महिन्यांनी दुसरी सायकल केली, म्हणजे हेच सगळं पुन्हा, त्यात सहा. एकूण तेरा.

तेरा ऐकून मी खूश होते. माझी शाळेतली मैत्रीण तिकडे आयव्हीएफचं काम करते, तिने फोनवर सगळी हवा काढली. म्हणाली, तेरा वितळवलीस तर अकरा टिकतील असं धर. त्यातली आठेक फलित होतील, तीही इक्सी करून, म्हणजे एकेक शुक्राणू सुईने अंड्यात सोडून, कारण गोठवल्यावर अंड्याचं कवच कडक होतं, शुक्राणू आपणहून आत जाईल या भरवशावर राहता येत नाही. आठातून पाचव्या दिवसापर्यंत तीन-चार पोचतील. आणि ३६ च्या अंड्यांमधून झालेल्यांपैकी क्रोमोझोमने ठीक अशी अर्धीअधिक, म्हणजे साधारण दोन भ्रूण, आणि प्रत्येकाला अर्धा-निम्मा चान्स. मी विचारलं, मग मला शंभरात किती? "साठीच्या आसपास. आणि हे सरासरीचं आहे हं, तुझं शून्यही होऊ शकतं."

हे साठ ती मनाने सांगत नव्हती. २०१७ मध्ये अमेरिकेतल्या डॉक्टरांनी एक मॉडेल मांडलं होतं, त्यात २० पक्व अंडी असतील तर निदान एक मूल होण्याची शक्यता ३४ ला ९० टक्के, ३७ ला ७५ आणि ४२ ला ३७. काकांना मी हेच पाठवलं. काकांनी उलट न्यूयॉर्कचा २०२२ चा अभ्यास पाठवला (कुणीतरी फॉरवर्ड केला असणार), त्यात खरोखर अंडी वापरायला परत आलेल्या बायकांपैकी ३९ टक्क्यांनाच मूल झालं. खरं आहे तेही. पण त्या बायकांचं गोठवतानाचं सरासरी वय ३८ च्या वर होतं, आणि त्याच अभ्यासात ३८ च्या आत गोठवून २० किंवा जास्त अंडी वितळवलेल्यांमध्ये प्रमाण ७० आहे. काकांनी ती ओळ वाचली नव्हती. आणि खरं सांगायचं तर ते ३९ मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा मीही पुढची ओळ येईपर्यंत श्वास रोखून बसले होते.

तुझ्या मैत्रिणींचा इन्शुरन्स हा शब्दही मला नको वाटतो. इन्शुरन्समध्ये गाडी ठोकली की पैसे मिळतात. इथे गाडी ठोकल्यावर कळतं की पॉलिसीत काही होतं की नाही.

खर्चाचं सांगते, पण पौंडात नाही, कारण तिकडचे दर वेगळे आणि तू लगेच गुणाकार करत बसशील. वेबसाइटवर पॅकेज दिसतं ते १०० धर. त्यात औषधं नाहीत, ती माझी ३० च्या आसपास गेली, दुसऱ्यांदा डोस वाढवला म्हणून ३५. ठेवण्याचं भाडं वर्षाला आठ. मला दोन सायकल लागल्या, म्हणजे पाच वर्षांत १०० चे ३०० च्या वर झाले, आणि अजून वितळवणं, इक्सी, ट्रान्सफर बाकीच आहे, त्याचे पाऊणशे वेगळे. एनएचएस, म्हणजे इथली सरकारी आरोग्यसेवा, यात एक पैसा देत नाही, कॅन्सरसारखं कारण असेल तरच. तेव्हा एएमएचची रक्ततपासणी करून क्लिनिकला पहिला प्रश्न हा विचार, की "माझ्या वयाला आणि माझ्या एएमएचला साधारण किती सायकल लागतील, आणि सगळं धरून शेवटच्या दिवसापर्यंतचा आकडा किती?" एका सायकलचा दर सांगून गप्प बसले तर उठ.

आणि एएमएच कमी आला म्हणून रडू नकोस, मी रडले होते. एका सायकलमध्ये किती अंडी हाती लागतील याचा तो अंदाज आहे, अंड्यांच्या दर्जाचं त्यात काही कळत नाही. दर्जा वयावर जातो. एएमएच कमी असलेल्या बायकांना एरवी सहज दिवस राहू शकतात. उलट तो खूप जास्त असेल तर अंडाशयं फुगून पोटात पाणी होण्याची भीती, तेव्हा डॉक्टर ट्रिगर बदलतात, ते आधी विचारून ठेव.

आता थांबण्याचं. तुला हे विचित्र वाटेल, पण २०१५ च्या एका अभ्यासाप्रमाणे न गोठवण्यापेक्षा गोठवण्याचा फरक सगळ्यात जास्त पडतो तो ३७ व्या वर्षी. कारण विशीत गोठवलीस तर वापरायची वेळच बहुधा येत नाही. पण फरक जास्त म्हणजे चान्स जास्त नव्हे हं, ग्रुपवर कुणीतरी हेच उलटं समजून "३७ पर्यंत थांबा" असं लिहिलंय. चान्स ३४ च्या आतच सगळ्यात चांगला. म्हणून मी तुझ्या जागी असते तर या महिन्यात धावले नसते, पण एएमएच आणि फॉलिकल मोजायचा स्कॅन आत्ता केला असता आणि पस्तिशीच्या आत हो की नाही ठरवलं असतं. आणि कुणी असेल, दोघांना मूल हवंच असेल, तर हे सगळं सोडून द्या आणि प्रयत्न करा. ते फुकट आहे.

मी ग्रुपवर एक वाक्य टाकलं होतं, "इथे असल्या गोष्टींवर कुणी भांडत नाही." टाकलं आणि पाच मिनिटांत काढलं. खोटं नाहीये ते. पण इथे कुणी भांडत नाही कारण इथे कुणी विचारतच नाही. अंडी काढायच्या दिवशी फॉर्मवर एक रकाना होता, घरी न्यायला कोण येणार. भूल दिलेली असते, एकटीला सोडत नाहीत. मी लिहिलं होतं टॅक्सी. रिसेप्शनवरच्या बाईने तो शब्द खोडला आणि फॉर्म परत दिला. शेवटी टीममधल्या एकाला बोलावलं, ज्याच्याशी तोपर्यंत फक्त स्प्रेडशीटबद्दल बोलले होते. तो आला, काही विचारलं नाही, दाराशी सोडून गेला. फार चांगला माणूस. आणि त्या दिवशी मला तिकडच्या सगळ्या नाक खुपसणाऱ्यांची इतकी आठवण आली की विचारू नकोस.

परत यायचं मी गेल्या वर्षी खरंच ठरवत होते. मग मैत्रिणीला विचारलं, अंडी आणता येतील का. तिकडच्या २०२१ च्या कायद्यात आपली स्वतःची, स्वतःसाठी, नॅशनल बोर्डाची परवानगी घेऊन नेता-आणता येतात, आणि उपचार वयाच्या ५० पर्यंतच. एकटीलाही चालतं, हे काकांना सांगू नकोस, आणखी शंभर मेसेज येतील. इथे २०२२ पासून ५५ वर्षं ठेवता येतात, फक्त दर १० वर्षांनी संमती द्यायची. ५५ वर्षं! मी नव्वदीत असेन. आणि मी ४१ ची, उणे १९६ डिग्रीच्या नायट्रोजनमध्ये अंडी मात्र ३६ चीच, पण गर्भाशय आणि बीपी माझं ४१ चंच चाललंय, त्याला नायट्रोजन नाही.

परवानगीचे कागद मी अजून मागवलेले नाहीत. काकांनी काल विचारलं, "तुझी किती आहेत मग?" मी तेरा म्हटलं. बराच वेळ टायपिंग दिसत होतं, मग आलं, "तेरा म्हणजे बरीच आहेत की गं."

तुझं ठरलं तर तारीख कळव. त्या रकान्यात लिहायला तुला सहा नावं मिळतील, सगळी भांडत येतील, त्यातलं एक माझं लिही, मी सुट्टी काढते.