अंड्याचं टोक आणि फ्रिजचं दार

«अंडी कायम टोक खाली करूनच ठेवा. टोक वर राहिलं की पिवळा बलक हवेच्या पोकळीला चिकटतो आणि अंडं चार दिवसांत सडतं. आणल्या आणल्या स्वच्छ धुऊन फ्रिजच्या दारातल्या खास कप्प्यात ठेवलीत तर महिनाभर ताजी राहतात. विश्वास नसेल तर पाण्यात टाकून बघा, तरंगलं की सडलेलं समजा!»

हा मेसेज गेल्या महिन्यात मला तीन वेगवेगळ्या नातेवाइकांकडून आला. त्यातलं पहिलं वाक्य जवळपास बरोबर आहे, पण त्यासाठी दिलेलं कारण चुकीचं आहे. पुढचं बरंचसं तर अंडी लवकर खराब करणारं आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

कोंबडीच्या शरीराचं तापमान साधारण ४१ अंश असतं. अंडं बाहेर येतं तेव्हा ते आतून पूर्ण भरलेलं असतं. थंड होताना आतला ऐवज आकसतो, कवच मात्र आकसत नाही. कवचाच्या आत एकमेकींना चिकटलेल्या दोन पातळ पापुद्र्यांपैकी आतला पापुद्रा रुंद बाजूला बाहेरच्यापासून सुटतो आणि तिथे हवा शिरते. उकडलेलं अंडं सोलताना रुंद बाजूला खळगा दिसतो, तीच ही पोकळी. रुंद बाजूला कवचाची छिद्रंही जास्त असतात, म्हणून ती तिथेच तयार होते.

आता बलकाचं बघू. पिवळ्या बलकात चरबी असते, त्यामुळे तो पांढऱ्यापेक्षा किंचित हलका असतो आणि सतत वर सरकू पाहतो. त्याला मधोमध धरून ठेवतात त्या दोन पीळदार पांढऱ्या दोऱ्या आणि भोवतीचा घट्ट पांढरा. अंडं जुनं होतं तसा घट्ट पांढरा पातळ होतो, दोऱ्या सैल पडतात आणि बलक वर चढतो. म्हणजे टोक खाली आणि रुंद बाजू वर ठेवली, तर बलक पोकळीपासून लांब न जाता तिच्याकडेच सरकतो. मेसेजमधलं कारण नेमकं उलटं आहे.

कोंबडीपालन करणाऱ्यांना हे चांगलं ठाऊक आहे. उबवायची अंडी दहा-बारा दिवसांहून जास्त साठवायची वेळ आली, तर अनेक ठिकाणी ती मुद्दाम टोक वर करून ठेवतात, म्हणजे बलक पोकळीकडे चढत नाही. उबवणी यंत्रात गेल्यावर मात्र रुंद बाजू वर लागते, कारण विसाव्या दिवसाच्या आसपास पिल्लू पहिला श्वास त्या पोकळीतल्या हवेतून घेतं. आपण दुकानातून आणतो त्या अंड्यांत पिल्लाचा प्रश्नच नसतो. व्यावसायिक फार्मवर अंडी देणाऱ्या कोंबड्यांमध्ये कोंबडा नसतो, त्यामुळे ती अंडी फळलेली नसतात.

मग टोक खाली ठेवायचंच कशाला? हवेसाठी. हवा वर जाऊ पाहते. रुंद बाजू वर असली की पोकळी आपल्या जागी निवांत राहते. टोक वर असेल तर पोकळी तळाशी येते, वरच्या सगळ्या ऐवजाचा भार आतल्या पापुद्र्यावर पडतो, आणि टेंपोतल्या धक्क्यांनी तो फाटला तर हवेचा बुडबुडा अंडंभर फिरत राहतो. म्हणूनच तीस अंड्यांच्या ट्रेमध्ये अंडी टोक खाली करून भरतात. धक्के खात प्रवास करणाऱ्या अंड्यासाठी ही पद्धत योग्यच आहे. घरी आठवडाभरात संपणाऱ्या अंड्याला मात्र तिने जाणवेल असा फरक पडत नाही. ट्रेमधून उचलून डब्यात ठेवताना टोक खाली आलं तर चांगलं, एखादं आडवं राहिलं म्हणून रात्री उठून फिरवायची गरज नाही. आणि सडण्याचा तर टोकाशी संबंधच नाही. अंडं सडतं ते आत शिरलेल्या जिवाणूंमुळे, आणि त्यांना वाट करून देतात तडा, ओलावा आणि उष्णता.

यातली उष्णता सगळ्यात महत्त्वाची. अंडं घातल्या क्षणापासून कवचाच्या हजारो बारीक छिद्रांतून कार्बन डायऑक्साइड बाहेर पडू लागतो. त्यामुळे पांढरा जास्त अल्कधर्मी होत जातो, म्हणजे त्याचा सामू साधारण साडेसातावरून नऊच्या पुढे जातो, आणि त्याचा घट्टपणा मोडतो. ताजं अंडं ताटलीत फोडलं तर पांढरा बलकाभोवती उंच उभा राहतो, जुन्याचा ताटलीभर पसरतो. रेमंड हॉ यांनी १९३७ मध्ये याच उंचीवरून अंड्याची प्रत मोजायची पद्धत दिली, ती आजही वापरतात. ही उंची कशाने झपाट्याने घटते, तर तापमानाने. अंड्यांच्या व्यवसायात एक ठोकताळा आहे: खोलीच्या तापमानात एका दिवसात अंडं जेवढं म्हातारं होतं, तेवढं व्हायला फ्रिजमध्ये आठवडा लागतो.

समजा, मे महिना आहे, शनिवारी तीस अंड्यांचा एक ट्रे आणला. चार माणसांचं घर, रोज चार अंडी. म्हणजे ट्रे आठव्या दिवशी संपणार. फ्रिजमध्ये जागा नाही म्हणून ट्रे मंगळवारपर्यंत ओट्यावर राहिला. ठोकताळ्याप्रमाणे त्या तीन दिवसांत उरलेली अंडी फ्रिजमधल्या तीन आठवड्यांइतकी जुनी झाली, आणि तो ठोकताळाही बेताच्या तापमानाच्या खोलीचा आहे, छत्तीस अंशांच्या स्वयंपाकघराचा नाही. त्यानंतर ती कितीही काटेकोरपणे टोक खाली करून ठेवली तरी गेलेला घट्टपणा परत येत नाही. दुसऱ्या घरात ट्रे आल्याच्या तासाभरात फ्रिजमध्ये गेला, पण अंडी आडवीतिडवी पडली. शेवटच्या दिवशी दोन्हीकडची एकेक अंडी ताटलीत फोडलीत तर आडव्या पडलेल्याचा पांढरा उंच दिसेल.

तापमानाचं हे महत्त्व लक्षात घेतलं की दाराचं म्हणणं टिकत नाही. दारात अंड्यांचे खळगे असतात, त्यामुळे तीच योग्य जागा असं वाटणं साहजिक आहे. पण फ्रिजमध्ये सगळ्यात जास्त चढउतार दारातच होतो. दार उघडलं की तो कप्पा सरळ स्वयंपाकघरात येतो. एका उघडझापीने अंडं आतपर्यंत तापत नाही, हेही खरं. पण दूध, पाणी, भाजी, लिंबू असं करत उन्हाळ्यात दिवसभरात दार किती वेळा उघडतं, ते एकदा मोजून बघा. पावसाळ्यात कोकणात किंवा मुंबईत आणखी एक गोष्ट घडते. बाहेरची दमट हवा थंड कवचाला लागते आणि त्यावर दव धरतं. कोरडं कवच जिवाणूंना बरंच अडवतं, ओलं कवच त्यांना छिद्रांपर्यंत पोहोचवतं. शिवाय दार आपटल्याचे धक्के असतात, आणि खळगे उघडे असल्याने कांद्या-लसणाचा वास छिद्रांतून आत जातो. चार-पाच दिवसांत संपणारी अर्धा डझन अंडी दारात ठेवलीत तर काही बिघडणार नाही. महिनाभराच्या भरवशावर मात्र तिथे ठेवू नका.

चांगली जागा म्हणजे मधल्या किंवा खालच्या फळीवर, आतल्या बाजूला, झाकणाच्या डब्यात. डब्यामुळे पाण्याची वाफ कमी उडते आणि वास लागत नाही. मागच्या भिंतीला डबा टेकवू नका. एका दाराच्या साध्या फ्रिजमध्ये बर्फाच्या कप्प्याखालचा ट्रेही टाळा. तिथे अंडं गोठू शकतं, आणि गोठलं की फुगून कवचाला तडा जातो. अंड्यांचा डबा शिजवलेल्या अन्नाच्या वर नको, खाली असावा, म्हणजे एखादं फुटलं तर भातावर सांडणार नाही. दुकानातला पुठ्ठ्याचा ट्रे तसाच फ्रिजमध्ये सरकवू नये. त्यावर विष्ठेचे डाग असतात आणि तो अनेक हातांतून आलेला असतो.

धुण्याचा सल्ला सगळ्यात घातक, कारण तो स्वच्छतेच्या नावाने दिलेला आहे. अंडं घालताना कोंबडी कवचावर एक पातळ लेप देते, तो सुकून छिद्रं झाकतो. नळाखाली चोळलं की हा लेप निघतो. त्यातून उबदार अंड्यावर गार पाणी पडलं की आतला ऐवज आकसतो आणि बाहेरचं पाणी, त्यातल्या घाणीसह, छिद्रांतून आत ओढलं जातं. अमेरिकेत अंडी धुऊनच विकतात, हे खरं. पण तिथे ती अंड्यापेक्षा गरम पाण्याने धुतात, लगेच सुकवतात आणि मग सतत थंड ठेवतात. युरोपात पहिल्या प्रतीची अंडी साधारणपणे धुतच नाहीत. घरी अंड्याला विष्ठा लागली असेल तर कोरड्या फडक्याने पुसा. धुवायचंच असेल तर फोडायच्या आधी धुवा.

राहता राहिली पाण्याची परीक्षा. ताज्या अंड्याची घनता पाण्यापेक्षा थोडी जास्त, सुमारे १.०८. म्हणजे ५५ ग्रॅमचं अंडं साधारण ५१ ग्रॅम पाणी बाजूला सारतं. कवच कडक, आकार बदलत नाही. त्यामुळे अंड्यातून चारेक ग्रॅम पाण्याची वाफ उडाली आणि त्या जागी हवा आली की ते तरंगणार. तळाशी आडवं पडलेलं ताजं, रुंद बाजू उचलून उभं राहिलेलं जुनं, तरंगणारं आणखी जुनं. या परीक्षेत वजन कळतं, जिवाणू कळत नाहीत. नागपूरच्या कोरड्या मे महिन्यात ओट्यावरचं अंडं दमट रत्नागिरीतल्यापेक्षा लवकर तरंगेल, तरी ते सडलेलंच असेल असं नाही. उलट, साल्मोनेला हा अन्नातून विषबाधा करणारा जिवाणू काही वेळा अंडं तयार होतानाच आत असतो, आणि तसं अंडं ताजं असेल तर तळाशी शांत बसतं. त्यासाठी बलक घट्ट होईपर्यंत शिजवणं हाच उपाय. पाण्यात टाकून पाहिलेली अंडी पुन्हा साठवू नका, ती धुतल्यासारखीच झाली.

पाण्याशिवायही वय कळतं. अंधारात मोबाइलचा टॉर्च रुंद बाजूला लावा, पोकळी उजळून दिसते. नखाएवढी असेल तर ताजं, मोठा भाग व्यापत असेल तर जुनं. पण जुनं म्हणजे टाकाऊ नव्हे. अंडाकरीसाठी मी मुद्दाम आठवडाभर जुनी अंडी वापरते, कारण अगदी ताज्या अंड्याचा पांढरा सालीला चिकटतो आणि सोलताना खड्डे पडतात. ताजी अंडी हाफ फ्राय नाहीतर पोच करायला ठेवते. फ्रिजमध्ये दोन डबे आहेत, दोन्हींवर आणल्याची तारीख लिहिलेली असते. शंका असलेलं अंडं मी आधी वेगळ्या वाटीत फोडते. सडलेल्याचा वास वाटीतच येतो, बाकीची पाच अंडी वाचतात.