मेशाचा दगड काय सांगतो?

‘एकेश्वरवाद मुळातच हिंसक, बायबलमधल्या यहोशवाच्या पुस्तकातला यरीहो नगराचा संहार हाच पुरावा,’ असे एका लेखकाने लिहिले आहे.

आमच्या इंदूरच्या रामबागेतल्या चर्चेतही हाच दाखला निघतो, पण प्राचीन इस्राएलच्या शेजारच्या मवाब राज्याचा राजा मेशा याचा इ.स.पू. नवव्या शतकातला शिलालेख कुणी वाचत नाही. १८६८ साली जॉर्डनमधल्या धिबानला सापडलेला हा काळा दगड आज पॅरिसच्या लूव्रमध्ये आहे. मेशा सांगतो: मवाबच्या कमोश देवाने ‘जा, इस्राएलकडून नबो नगर घे’ म्हटले. रात्री निघालो, पहाटेपासून दुपारपर्यंत लढलो आणि बायकांसकट ७,००० जणांना मारले, कारण नगर अश्तार-कमोश या देवतेला अर्पण केले होते. आकडा फुगवलेला असेल, पण विधी यरीहोचाच आहे: नगर देवाला अर्पण करायचे आणि आतल्या सगळ्यांना मारायचे. आणि कमोश हा एकमेव देव, असे मेशा कुठेही म्हणत नाही. शिवाय यरीहोच्या उत्खननात यहोशवाच्या मानल्या जाणाऱ्या काळच्या तटबंदीचा मागमूस लागलेला नाही.

एकेश्वरवाद यातून सुटतो असे मात्र मी मानत नाही. दुसऱ्याचे देव खोटे ठरवले की त्यांची पूजा बंद पाडायला कारण मिळते. ख्रिस्ती रोमन सम्राट थिओडोसियसने इ.स. ३९१ साली जुन्या देवांना बळी देण्यावर आणि त्यांच्या मंदिरात जाण्यावर बंदी घातली ती याच भूमिकेतून. पण तोच ख्रिस्ती धर्म सुरुवातीची जवळजवळ तीनशे वर्षे राजसत्तेविना होता, तेव्हा अशी बंदी घालणे त्याच्या हाती नव्हते. लेखकाने श्रद्धेइतकीच ही राजसत्ताही तपासायला हवी होती.