स्टॉप आणि गिव्ह वे : थांबल्यावर हक्क मिळत नाही

लायसन्सच्या लेखी परीक्षेची तयारी करणाऱ्या कुणालाही विचारा. आठ कोनांचा लाल बोर्ड म्हणजे स्टॉप आणि लाल काठाचा उलटा त्रिकोण म्हणजे गिव्ह वे, हे तो झोपेतही सांगेल. चित्र ओळखण्यात सहसा कुणी चुकत नाही. मार्क जातात ते पुढच्या प्रश्नात: स्टॉपपाशी थांबून झालं, आता आधी कोण जाणार?

माझं मत असं की हे दोन बोर्ड आपल्याला उलट्या क्रमाने शिकवले जातात. दोघांत फरक काय ते आधी घोकून घेतात आणि दोघांत सारखं काय ते सांगायचं राहूनच जातं. सारखं हे आहे: बोर्ड कुठलाही असो, तुम्ही ज्या रस्त्याला मिळताय त्या रस्त्यावरच्या वाहनांना आधी जाऊ द्यायचं. स्टॉप म्हणजे गिव्ह वेच, फक्त त्यावर एक जादा अट आहे. रेषेच्या अलीकडे चाकं पूर्ण थांबली पाहिजेत, मग समोरचा रस्ता चिटपाखरू नसलेला का असेना. गिव्ह वेला ही अट नाही. रस्ता खरोखर मोकळा दिसत असेल तर वेग कमी करून न थांबता निघता येतं. कुणी येत असेल तर तिथेही थांबावंच लागतं.

हे माझ्या मनाचं नाही. रस्त्यावरच्या चिन्हांचा १९६८ चा जो आंतरराष्ट्रीय व्हिएन्ना करार आहे, त्यात स्टॉपच्या बोर्डाचे दोन नमुने मान्य केलेत. एक आपला ओळखीचा अष्टकोन. दुसरा लाल काठाचा गोल, आणि त्या गोलाच्या आत चक्क गिव्ह वेचा उलटा त्रिकोण काढून सोबत स्टॉप लिहिलेलं. जपानमध्ये तर स्टॉपचा बोर्डच लाल उलटा त्रिकोण असतो. मला विचाराल तर शिकवताना तो गोल बोर्ड आधी दाखवावा, निम्मे घोळ तिथेच मिटतील.

आता सगळ्यात लाडका गैरसमज: "मी स्टॉपला थांबलो, म्हणजे माझा नंबर लागला." हा कुठून येतो याचा मला अंदाज आहे. अमेरिकेत काही चौकांत चारही बाजूंना स्टॉपचे बोर्ड असतात. तिथे जो आधी येऊन थांबला तो आधी जातो आणि दोघं एकाच वेळी आले तर उजवीकडचा आधी जातो. त्याचे व्हिडिओ सगळीकडे फिरतात आणि लोक तोच नियम साध्या स्टॉपला लावतात. पण साध्या स्टॉपला मुख्य रस्त्यावरच्या गाड्यांना कुठलाच बोर्ड नसतो, त्या थांबणारच नाहीत. तुम्ही पाच मिनिटं थांबलेले असलात तरी नंतर आलेल्या मोटारसायकलला आधी जाऊ द्यावं लागेल. "थांबा आणि मग पुढे जा" असा पर्याय प्रश्नात दिसला तर जरा सावध व्हा. "थांबा, मुख्य रस्त्यावरच्या वाहनांना जाऊ द्या आणि सुरक्षित असेल तेव्हा निघा" असा लांबलचक पर्याय बहुधा खाली कुठेतरी असतोच.

मग ती थांबण्याची जादा अट कशासाठी? बहुतेक वेळा कारण एकच असतं, नीट दिसत नाही. कोपऱ्यावर भिंत असते, झाडी असते किंवा रस्ता विचित्र कोनात येऊन मिळतो. ताशी १० किलोमीटर हा आपल्याला सरपटण्याचा वेग वाटतो, पण त्या वेगात गाडी सेकंदाला जवळजवळ तीन मीटर पुढे जाते. उजवीकडे, डावीकडे आणि पुन्हा उजवीकडे बघायला दोन सेकंद धरा. तेवढ्यात साडेपाच मीटर गेले, म्हणजे गाडीचं तोंड आडव्या रस्त्यावर पोहोचलंसुद्धा. शिवाय काचेच्या कडेचा खांब चालत्या गाडीतून एखादी अख्खी मोटारसायकल झाकू शकतो. म्हणून "रस्ता रिकामा होता, मी फक्त वेग कमी केला" हे उत्तर स्टॉपला चूक धरतात. पहिल्या गिअरमध्ये हाफ क्लचवर गाडी सरकवत नेणं म्हणजेही थांबणं नव्हे.

किती सेकंद थांबायचं, हाही नेहमीचा प्रश्न. तीन सेकंदांचा आकडा सगळीकडे ऐकू येतो. तो शिकवण्याच्या सोयीचा आहे. नियमाचा भर सहसा पूर्ण थांबण्यावर असतो, सेकंद मोजण्यावर नाही. आणि थांबायचं ते रेषेपाशी. पुढच्या गाडीच्या मागे थांबलात ते मोजलं जात नाही. ती गाडी निघून गेल्यावर तुम्ही रेषेपाशी येता, तिथे पुन्हा थांबायचं. रेषेवरून काही दिसतच नसेल तर आधी रेषेपाशी थांबा, मग दिसेल तिथपर्यंत हळू पुढे या आणि गरज पडली तर दुसऱ्यांदा थांबा.

आता माझा आवडता प्रश्न, ज्यावर हुशार पोरंही अडखळतात. वाहतूक डावीकडून चालते असं धरा. मुख्य रस्ता पूर्व-पश्चिम. तुम्ही दक्षिणेकडून आलात, तुम्हाला स्टॉप आहे आणि सरळ उत्तरेला जायचंय. समोर उत्तरेकडून एक गाडी आली आहे, तिला गिव्ह वे आहे आणि तिला तिच्या उजवीकडे वळायचंय. मुख्य रस्त्यावर पूर्वेकडून एक मोटारसायकल येतेय.

मोटारसायकल आधी, यात वाद नाही. ती गेली, रस्ता मोकळा झाला. आता तुम्ही की समोरचा? बहुतेक जण म्हणतात समोरचा, कारण त्याचा बोर्ड "हलका" आहे. हे चूक. दोन्ही बोर्ड मुख्य रस्त्याशी तुमचं नातं सांगतात. तुमच्या दोघांत कोण मोठा हे ते सांगत नाहीत. दोघांवरही वाट देण्याचं बंधन आहे, म्हणजे आपसात बरोबरी झाली. मग वळण्याचा नेहमीचा नियम लागतो: उजवीकडे वळणाऱ्याने समोरून सरळ येणाऱ्याला जाऊ द्यायचं. तुम्ही रेषेपाशी पूर्ण थांबला असाल तर आधी तुम्ही. ऑस्ट्रेलियाच्या नियमांत हे अगदी शब्दांत लिहिलेलं आहे. तुम्हाला ज्या देशाची परीक्षा द्यायची आहे तिथल्या पुस्तकात वेगळं असेल, तर परीक्षेपुरतं पुस्तक खरं माना. आणि तुम्ही थांबत असतानाच समोरचा चौकात शिरला असेल, तर अर्थातच त्याला वळून जाऊ द्या. हक्क आपला आहे म्हणून कुणाच्या दारावर गाडी घालायची नसते.

हाच प्रश्न उलटा करून बघा. तुम्हाला गिव्ह वे आणि उजवीकडे वळायचंय, समोरच्याला स्टॉप आणि तो सरळ जाणार आहे. तो थांबलेला दिसतोय म्हणून तुम्ही निघालात की मार्क गेला.

राहता राहिला सिग्नलचा प्रश्न. चौकात सिग्नल चालू आहे आणि शेजारी स्टॉपचा बोर्डही आहे, मग ऐकायचं कुणाचं? व्हिएन्ना करारानुसार सिग्नलचं, आणि पोलीस हात दाखवत असेल तर सिग्नल बाजूला ठेवून पोलिसाचं. सिग्नल बंद पडला की बोर्ड पुन्हा लागू. प्रश्नपत्रिकेत "सिग्नल बंद आहे" हे शब्द वाक्याच्या शेवटी दडवलेले असतात, तेवढे वाचायचे राहू देऊ नका.