‘दिसलं नाही’ म्हणजे ‘काही नाही’ नव्हे: एका प्रतिक्रियेला उत्तर

«मॅडम, लहान मुलांच्या सीटीवरचा तुमचा लेख वाचला. एसीत बसून पोटावर प्रोब फिरवणाऱ्यांना असलं लिहायला सोपं जातं. माझ्या आठ वर्षांच्या पुतण्याच्या सोनोग्राफीत अपेंडिक्स दिसलंच नाही, दोन दिवस वाया गेले, शेवटी सीटीत फुटलेलं निघालं. जी तपासणी ‘दिसत नाही’ म्हणते ती करायचीच कशाला? एका सीटीने कॅन्सर होतो हा बागुलबुवा आहे. आणि एमआरआय सोलापुरात रात्री कोण करतो? की तुमच्याकडे सीटी मशीन नाही म्हणून हा प्रचार? – एक पालक»

नमस्कार.

पुतण्या बरा आहे असं धरून चालते, तसं तुम्ही लिहिलेलं नाही. त्याला जो त्रास झाला त्याचं मला वाईट वाटलं, हे मनापासून. बाकीचं उत्तर मात्र तुमच्याच पट्टीत येईल. आपल्याकडची भाकरी कडक असते आणि जीभही, हे मी जन्मापासून पाहतेय. पण अनोळखी बाईला पहिल्याच ओळीत ‘प्रोब फिरवणारी’ म्हणायचं आणि खाली स्वतःचं नावही द्यायचं नाही, हा कडकपणा नव्हे.

आधी माझी चूक मान्य करते. मुलाच्या पोटदुखीत आधी सोनोग्राफी, मग लागलाच तर एमआरआय किंवा सीटी, हे सांगताना लेखात मी ‘एमआरआय सहज होऊ शकतो’ असं लिहिलं होतं. रात्री अकरा वाजता तो सहज होत नाही. ‘सहज’ हा शब्द काढला आहे. झालं? आता प्रोबकडे येऊ.

अपेंडिक्स शोधायला प्रोब नुसता फिरवत नाहीत, दाबतात. १९८६ साली पुइलार्ट नावाच्या डच डॉक्टरांनी ही पद्धत मांडली. पोराला सांगायचं, एका बोटाने दुखतं ती जागा दाखव. तिथे प्रोब ठेवून, पोराच्या चेहऱ्याकडे बघत, हळूहळू दाब वाढवायचा. आतड्यातला वायू बाजूला सरकतो, आतडं चपटं होतं आणि मागचा स्नायू दिसू लागतो. त्या स्नायूवर एका टोकाला बंद असलेली बारीक नळी सापडली तर ते अपेंडिक्स. निरोगी असेल तर दाबाखाली चपटं होतं. सुजलेलं दबत नाही, जाडी सहा मिलिमीटरच्या वर जाते आणि भोवतालची चरबी पांढरी चमकते. मुलांच्या पोटावर चरबी कमी असते, म्हणून मोठ्यांपेक्षा त्यांच्यात हे चांगलं दिसतं. यात वीस मिनिटं जातात, कधी पाऊण तास. मूल रडत असेल तर आईला पलंगावर शेजारी झोपवते. एसी असतो, खरं आहे. तो मशीनसाठी असतो.

आता तुमचं ते एक वाक्य, ‘दिसत नाही म्हणते ती करायचीच कशाला’. मला झोंबलं ते यामुळे, की हीच चूक सोनोग्राफी लिहून देणारेही करतात. ‘अपेंडिक्स दिसलं नाही’ हे उत्तर अपुरं असतं, पण रिकामं नसतं. त्याच्या पुढची ओळ वाचायची असते: आजूबाजूला पाणी आहे का, चरबी चमकतेय का, तिथल्या आतड्याची हालचाल थांबलीय का. यातलं काहीच नसेल, पोट मऊ असेल आणि रक्तातल्या पांढऱ्या पेशी वाढलेल्या नसतील, तर त्या घडीला अपेंडिक्सची शक्यता बरीच खाली येते. ती शून्य होत नाही, म्हणून मूल नजरेखाली ठेवायचं आणि सहा ते बारा तासांनी पुन्हा बघायचं. ‘दिसलं नाही’चं ‘नॉर्मल’ झालं आणि मुलाला घरी पाठवलं, की तुमच्या पुतण्यासारखं होतं. त्या दोन दिवसांत दुसरी सोनोग्राफी झाली होती का? तुमच्या प्रतिक्रियेत तिचा उल्लेख नाही. मी विचारतेय, आरोप करत नाही.

एक मुलगा सांगते. नऊ वर्षांचा, मोहोळकडचा, वजन २६ किलो. संक्रांतीची गर्दी, घरचे सगळे गड्ड्याच्या यात्रेला आलेले. दुपारी बेंबीजवळ दुखायला लागलं. गड्ड्यातली भजी बाधली, असा घरच्यांचा निकाल. ओवा-गरम पाणी झालं. संध्याकाळी एक उलटी झाली आणि दुखणं उजवीकडे खाली उतरलं. रात्री साडेनऊला माझ्याकडे आला तेव्हा पांढऱ्या पेशी ११,२०० होत्या. पाऊण तास बघितलं, अपेंडिक्स सापडलं नाही. आतड्यात वायू भरपूर, आजूबाजूला पाणी नाही, चरबी ठीक. रिपोर्टमध्ये लिहिलं: ‘अपेंडिक्स दिसलं नाही, सुजेच्या इतर खुणा नाहीत, आठ तासांनी पुन्हा तपासावे.’ सर्जनना फोन केला. मूल भरती, तोंडाने काही नाही, सलाईन चालू. मुलाचे काका मला म्हणाले, ‘मॅडम, एक सीटी काढून टाकू ना, पैशाचं बघू नका.’ तेही तुमच्याइतकेच काळजीत होते, फक्त बोलले नीट.

सकाळी सहाला पेशी १४,८०० झाल्या होत्या. पोट हाताला घट्ट लागत होतं. त्याला डाव्या कुशीवर वळवलं आणि प्रोब कमरेच्या बाजूने, मागून लावला. मोठ्या आतड्याच्या मागे लपलेलं होतं: नऊ मिलिमीटर, दाबलं तरी तसंच, तोंडाशी खड्याची सावली, भोवतालची चरबी चमकणारी. दहा वाजता ऑपरेशन झालं, फुटलेलं नव्हतं. रात्री खुणा नव्हत्या, सकाळी होत्या. सूज वाढते तशी दिसते, म्हणून दुसरी फेरी पहिलीपेक्षा हुशार ठरते.

आणि सकाळीही सापडलं नसतं तर? तेव्हा, मूल दहा-पंधरा मिनिटं शांत पडून राहणारं असेल आणि मशीन चालू असेल, तर एमआरआय. शिरेतून द्यायचा डाय लागत नाही, झोपेचं औषध लागत नाही, पोटाचे मोजकेच फोटो पुरतात. तीन वर्षांचं, हातपाय झाडणारं मूल असेल तर एमआरआयसाठी त्याला भूल द्यावी लागेल, आणि भूलही काही फुकट मिळत नाही. तिथे मी स्वतः सीटी सुचवते. जाड अंगाचं मूल, ज्याला ताप येऊन तीन दिवस झाले आणि आत पू साठल्याची शंका आहे, तिथेही. अपघातात पोटाला जबर मार लागला असेल तर सोनोग्राफीत वेळ घालवू नका, हे मी त्या लेखातच लिहिलंय. तिसरा परिच्छेद. वाचायचा राहिला असेल.

बागुलबुव्याबद्दल. ‘एका सीटीने कॅन्सर होतो’ हे वाक्य माझ्या लेखात नाही, ते तुम्ही आणलंत. २०२३ मध्ये युरोपातल्या नऊ देशांतल्या जवळपास साडेनऊ लाख तरुण-मुलांचा अभ्यास आला. आजकालच्या सीटीत हाडांच्या मगजाला सरासरी आठ मिलिग्रे डोस मिळतो असं धरलं, तर दहा हजार मुलांमागे एका-दोघांना पुढच्या बारा वर्षांत त्या किरणांमुळे रक्ताचा कॅन्सर होईल, असा त्यांचा हिशेब आहे. आकडा लहान आहे. गरज असेल तर ही जोखीम मी बिनदिक्कत घेईन. पण तो डोस आठच राहील, याची खात्री कोण देणार?

इथे घरचं सांगते, कारण तुम्ही मला ‘प्रचार’ म्हणालात. माझी मुलगी सहा वर्षांची असताना दुसऱ्या शहरात, नातेवाइकांकडे, तिचं पोट दुखलं. तिथल्या एका रुग्णालयात मी पोचायच्या आत सीटी झाला होता. सीडी घरी आणून उघडली. तीन वेळा स्कॅन: डायच्या आधी, डायनंतर, पुन्हा उशिरा. तिन्ही वेळा मोठ्या माणसाची सेटिंग, १२० केव्ही. शेवटच्या पानावर CTDIvol, म्हणजे मशीनने दाखवलेला किरणांचा डोस, १४ मिलिग्रे, प्रत्येक फेरीला. हा आकडा मशीन ३२ सेंटिमीटर जाडीच्या प्लास्टिकच्या ठोकळ्यावरून काढतं. माझ्या पोरीचं पोट १८ सेंटिमीटर. २०११ मध्ये अमेरिकन फिजिसिस्टांनी अंगाच्या मापाप्रमाणे गुणायचा तक्ता दिला, त्यात १८ ला सुमारे १.९ येतो. म्हणजे स्क्रीनवर १४ आणि पोरीच्या पोटाला २७ च्या आसपास. तीनदा, म्हणजे ८०. निघालं काय? बद्धकोष्ठ.

डायच्या आधीची फेरी मुलाच्या पोटाला बहुतेक वेळा लागतच नाही, उशिराचीही नाही. डायनंतरची एकच फेरी, ८० किंवा १०० केव्ही, आणि जिथे शंका आहे तेवढाच भाग. ती तशी झाली असती तर स्क्रीनवर चारच्या आसपास दिसलं असतं, अंगाला आठपेक्षा कमी. ऐंशी आणि आठ. त्या पानाकडे बघत रात्री बसले होते तेव्हा मी रेडिओलॉजिस्ट असण्याचा काही उपयोग झाला नाही, म्हणून लिहायला लागले.

आणि हो, मशीन. माझ्याकडे सीटी नाही, पण आठवड्यातून तीन दिवस मी दुसऱ्यांच्या सीटीवर बसते. तिथे टेक्निशियनशी माझं भांडण टेबलाच्या उंचीवरूनही होतं. मूल कड्याच्या बरोबर मध्यावर नसेल तर त्याच्या जाडीचा मशीनचा अंदाज चुकतो आणि करंट चुकीचा ठरतो. दोन-तीन सेंटिमीटरचा प्रश्न असतो, पण घाईत टेबल कुणी हलवत नाही. कमिशनचा विषय तुम्ही न लिहिता सुचवलात, त्याला मी न लिहिता उत्तर देते.

पुतण्याची फाईल घरात असेल. त्यातला पहिल्या सोनोग्राफीचा कागद काढा आणि ‘नॉर्मल’ लिहिलंय की ‘दिसलं नाही’, ते बघा. ‘दिसलं नाही’च्या खाली ‘पुन्हा तपासावे’ असेल तर ते कुणी आणि का वाचलं नाही, हे तुम्हीच शोधा. सीटीची सीडी असेल तर शेवटचं पान उघडा आणि किती फेऱ्या झाल्या ते मोजा. आकडे इथे खाली टाकलेत तर त्याच्या वजनाप्रमाणे हिशेब करून देईन. त्यासाठी नाव नाही दिलंत तरी चालेल.