शब्द कोणाचे, चाल कोणाची, गाणे कोणाचे

«रॉकमध्ये गाणं चाल लावणाराच करतो. गीतकार नुसते शब्द लिहून देतो, त्याला बरोबरीचं श्रेय देणं म्हणजे मैत्रीखातर केलेले उपकार. खरी जोडी एका खोलीत बसून गाणं करते आणि एकदा भांडली की संपते.»

आमच्या यवतमाळ जिल्ह्यातील गाणी करणाऱ्या मुलांमध्ये हा मजकूर गेले काही आठवडे फिरतो आहे. मी स्वतः वऱ्हाडीत गाणी लिहितो आणि गावातलाच एक मित्र गिटारवर त्यांना चाली लावतो, म्हणून यातले प्रत्येक विधान मला तपासावेसे वाटले.

‘नुसते शब्द’ हे पहिले विधान इंग्लंडचा गायक-पियानोवादक एल्टन जॉन आणि त्याचा गीतकार बर्नी टॉपिन यांच्या कामाच्या पद्धतीपुढे टिकत नाही. 1967 साली एका रेकॉर्ड कंपनीच्या जाहिरातीला दोघांनी वेगवेगळे उत्तर पाठवले होते. एल्टनला चाली सुचत, पण शब्द जमत नसत. इंग्लंडमधल्या लिंकनशायरच्या शेतीच्या मुलखात वाढलेल्या टॉपिनचे नेमके उलटे होते. तेव्हापासून त्यांचा क्रम असा राहिला, की टॉपिनने आधी पूर्ण गीत लिहायचे आणि एल्टनने तो कागद पियानोवर ठेवून एकट्याने चाल शोधायची. अर्ध्या तासाच्या आसपास काही सुचले नाही, तर तो बहुधा ते गीत बाजूला सारतो. म्हणजे ओळीची लांबी, तिच्यातले आघात आणि श्वास घ्यायच्या जागा चालीच्या आधीच ठरलेल्या असतात, आणि ते गाणे जन्मणार की नाही हेही बऱ्याच अंशी त्या कागदावरच अवलंबून असते.

मात्र चाल लावणाराही शब्दांना हात लावतो, हे मान्य केले पाहिजे. 1973 च्या ‘डॅनियल’ या गाण्याचे शेवटचे कडवे एल्टनने काढून टाकले. डॅनियल हा व्हिएतनामच्या युद्धातून परतलेला जखमी सैनिक आहे, हा खुलासा त्याच कडव्यात होता. ते गेल्यामुळे तो कोण आणि का निघून जातो आहे, याचे तर्क श्रोते पुढे कित्येक वर्षे करीत राहिले. कापूस वेचणीवरच्या माझ्या एका गाण्याचे चौथे कडवे मित्राने असेच वगळले, कारण तिसऱ्या कडव्याशी चाल पूर्ण होत होती आणि चौथ्यात ती नुसती फिरून येत होती. मला राग आला, आठ दिवस आम्ही बोललो नाही, पण गाताना ऐकल्यावर त्याचे म्हणणे मला पटले.

श्रेयाच्या बाबतीत तर हा मजकूर सरळ चुकीचा आहे. गाण्यात शब्दांचा हक्क आणि संगीताचा हक्क असे दोन वेगळे हक्क असतात, त्यामुळे गीतकाराचा वाटा हा कोणाच्या मर्जीचा प्रश्न नसतो. प्रोकोल हॅरम या ब्रिटिश रॉक बँडमध्ये कीथ रीड कोणतेही वाद्य वाजवत नसे, केवळ गीते लिही, तरीही तो बँडचा सदस्य मानला जाई. त्यांच्या 1967 च्या ‘अ व्हायटर शेड ऑफ पेल’ या गाण्यावर खटला झाला, तो शब्दांवरून नव्हे, तर संगीतावरून. ऑर्गन वाजवणाऱ्या मॅथ्यू फिशरचे म्हणणे होते, की गाण्यातले ते प्रसिद्ध ऑर्गनचे सूर त्याने रचले, पण संगीतकार म्हणून नाव फक्त बँडचा गायक गॅरी ब्रूकर याचे लागले. 2006 साली लंडनच्या न्यायालयाने त्याला संगीताच्या हक्कात 40 टक्के वाटा दिला, मधल्या अपिलात तो गेला आणि 2009 मध्ये तिथल्या तेव्हाच्या सर्वोच्च न्यायपीठाने, हाउस ऑफ लॉर्ड्सने, पुन्हा कायम केला. पण इतकी वर्षे गप्प राहिल्यामुळे त्याला मागची मिळकत मिळाली नाही. हिशेब 2005 पासूनच धरला गेला. म्हणून आम्ही आता गाणे पुरे झाले त्याच दिवशी वहीत तारीख, शब्द कोणाचे, चाल कोणाची आणि ढोलकीवाल्याने किंवा आणखी कोणी स्वतंत्र सुरावट दिली असल्यास तिचा वाटा किती, हे लिहून सगळ्यांच्या सह्या घेतो.

एका खोलीत बसण्याचे उत्तर वर आलेच आहे. बीटल्सचे लेनन आणि मॅकार्टनी अनेकदा समोरासमोर बसत हे खरे, पण 1965 चे ‘यस्टर्डे’ मॅकार्टनीने एकट्याने केले आणि जुन्या करारानुसार त्यावरही दोघांची नावे लागली.

राहिला भांडणाचा मुद्दा. 1976 च्या ‘ब्लू मूव्ह्ज’ या अल्बमनंतर एल्टन आणि टॉपिन काही काळ वेगळे झाले. टॉपिनने रॉक गायक अ‍ॅलिस कूपरबरोबर लिहिले, तर एल्टनने गीतकार गॅरी ऑस्बर्नबरोबर काम करताना क्रमच उलटा केला: आधी चाल, मग शब्द. अशा वेळी गीतकाराला तयार चालीच्या मात्रा मोजून त्यांत शब्द बसवावे लागतात, आणि ते निराळेच कसब आहे. पुढे 1983 च्या ‘टू लो फॉर झीरो’साठी एल्टन आणि टॉपिन पूर्ण अल्बमभर पुन्हा एकत्र आले, तेव्हा कागद पुन्हा चालीच्या आधी पियानोवर आला.