नॉर्मल रिपोर्टच्या पुढचं

"तुमच्याकडं बोलायला वेळ असतो, म्हणून तुमचे हे चोचले. रिपोर्ट सगळे नॉर्मल, तरी बाई दर आठवड्याला येती आणि सलाईन मागती. गप्पा मारत बसलो तर ती समोरच्या दवाखान्यात जाईल. अशा पेशंटचं तू काय करतोस, सांग की."

रिपोर्ट नॉर्मल असलेल्या पेशंटशी आधी नीट बोलावं, असं मी लिहिलं, त्यावर आमच्या अंबाजोगाईच्या मेडिकल कॉलेजातल्या बॅचमेटचा ग्रुपवरचा हा मेसेज. त्याचा लातूरला दवाखाना आहे, हात चांगला आहे, आणि वर्गात माझ्यापेक्षा हुशार तोच होता. खालोखाल चौदा अंगठे आणि हसऱ्या चेहऱ्यांची रांग. मला राग आला तो "वेळ असतो" या दोन शब्दांचा. इंग्लंडात बोल्टनला फॅमिली डॉक्टर म्हणून मला एका पेशंटमागं दहा मिनिटं मिळतात. त्यातच नोंद, त्यातच आजारपणाच्या सुट्टीची फिट नोट, आणि आठ वाजता फोन लावून नंबर न लागलेल्यांची यादी दुपारी वेगळी. तिकडं बसून हे कुणाला खरं वाटत नाही.

पण त्यानं विचारलंय, तर त्याच्याच पेशंटवरून बोलू. त्यानं ओळख पुसून हकीकत पाठवली. बाई चाळिशीच्या, गाव रेणापूरकडचं. आठ महिने छातीत डावीकडं दुखतं, धडधड होते, हाताला मुंग्या येतात, रात्री जीव घाबरा होतो. तीन दवाखाने झाले. ईसीजी दोनदा, टू-डी इको एकदा, थायरॉईड, सगळं ठीक. हिमोग्लोबिन 9.4. शेवटी "बघ कसल्या फालतू गप्पा मारते" म्हणून तिचं एक वाक्य त्यानं जोडलं होतं: "यंदा पंचमीला न्यायला कुणी आलं नाही डॉक्टर."

मी ते वाक्य बसस्टॉपवर वाचलं आणि तिथंच त्याला फोन लावला. म्हटलं, भाऊ कुठाय तिचा? तो म्हणाला, "गेला की. रात्री उठून छाती धरली, लातूरला पोचेपर्यंत संपला. पंचेचाळीसचा असेल. झाले आठ-नऊ महिने."

मराठवाड्यात वाढलेल्या माणसाला पंचमीचा अर्थ सांगावा लागतो, याचंच मला नवल वाटलं. पण हे त्याच्या एकट्याचं नाही. लिव्हरपूलच्या संशोधकांनी अशा सल्लामसलतींची ध्वनिमुद्रणं ऐकून दाखवलंय की पेशंट मनातलं, घरातलं सुचवत असतात. तपासणीचा किंवा औषधाचा विषय जास्त वेळा डॉक्टरच काढतात. म्हणजे इथले गोरे डॉक्टरही तेच करतात, फक्त सलाईन लावत नाहीत.

यावर मँचेस्टरला 1989 साली डेव्हिड गोल्डबर्ग, लिंडा गास्क आणि ओ'डाउड यांनी एक पद्धत मांडली. तिचं नाव रिअॅट्रिब्यूशन, म्हणजे दुखण्याचं कारण नव्यानं लावणं. माझ्या प्रशिक्षणात ती पेशंटचं सोंग घेतलेल्या नटांपुढं घोकून घेतली गेली. क्रम साधा आहे: आधी पेशंटला आपलं ऐकलं गेलं असं वाटू द्यायचं, मग विषय रुंद करायचा, मग दुखणं आणि आयुष्य यांचा सांधा जोडायचा. गंमत अशी, की बहुतेक डॉक्टर दुसऱ्याच मिनिटाला तिसऱ्या पायरीवर उडी मारतात. "तुम्हाला टेन्शन आहे" असं सांगून मोकळे. फसलं हे लगेच कळतं. बाई नवीन दुखणं काढते, किंवा पिशवी आवरते, किंवा म्हणते, "मंग मी नाटक करायलेय का?" तसं झालं की वाद न घालता परत पहिल्या पायरीवर यायचं.

मित्राला सांगितलं ते असं. पहिल्या भेटीत निष्कर्षच काढायचा नाही. "कालचा दिवस सकाळी उठल्यापासून सांगा, कधी दुखलं, तेव्हा काय करत होता?" एवढं विचार. चढ चढताना, घागर उचलून चालताना वाढतं का, हे त्यातच कळतं, आणि ते कळणं हृदयासाठी आवश्यकच आहे. मग विचार, "तुम्हाला स्वतःला काय असंल वाटतं? सगळ्यात जास्त भीती कशाची?" उत्तर आलं की पुढचं वाक्य आपण बोलायचं नाही, तिला बोलू द्यायचं. आणि हात लावून तपास. नाडी, बीपी, स्टेथोस्कोप, आणि जिथं दुखतं म्हणते तिथं बोटानं दाब. बरगडी छातीच्या हाडाला मिळते तिथं दाबल्यावर "हेच, हेच" म्हणाली, तर ती छातीच्या भिंतीकडं बोट दाखवणारी खूण आहे. मात्र तेवढ्यावर हृदय सुटलं म्हणायचं नाही. बाकी हकीकतही तशीच जुळली पाहिजे.

इथं त्यानं बरोबर मुद्दा काढला. म्हणाला, "9.4 हिमोग्लोबिननं धडधड होणार नाही का? आणि भाऊ पंचेचाळिसाव्या वर्षी गेला, ते काय मनाचं?" अगदी खरं. सख्खा भाऊ इतक्या कमी वयात गेला, तर तिची साखर आणि कोलेस्टेरॉल एकदा पाहायलाच हवं. पाळी जास्त जाते का हे विचारून लोहाच्या गोळ्या सुरू करायला हव्यात. अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या मानसिक आजारांच्या 2013 सालच्या वर्गीकरणात सोमॅटिक सिम्प्टम डिसऑर्डर, म्हणजे शरीराच्या तक्रारींभोवतीचा मानसिक आजार, म्हणायला रिपोर्ट नॉर्मल असण्याची अटच नाही. दुखण्यापायी होणारे विचार, भीती आणि धावपळ प्रमाणाबाहेर आहेत का, आणि हे साधारण सहा महिन्यांवर टिकलंय का, हे पाहायचं. रक्त कमी आणि भीती जास्त, दोन्ही एकाच बाईत सुखानं नांदतात.

दुसऱ्या भेटीत रिपोर्ट तिच्यासमोर उघडून सांगायचे. "इकोत हृदय चांगलं चालतंय, झडपा चांगल्या आहेत. रक्त कमी आहे, त्याच्या गोळ्या चालू आहेत. दुखतंय ते खरंच दुखतंय, मी दाबलं तेव्हा मला दिसलं." आणि मग, तिच्याच शब्दांत, हळूच: "तुम्ही म्हणालात भाऊ गेल्यावर दहा-बारा दिवसांत हे सुरू झालं. त्यांनाबी रात्रीच झालं होतं ना?" एवढं बोलून थांबायचं.

सांधा जोडायला मी मुठीचा प्रयोग करतो. घट्ट मूठ आवळून मिनिटभर धरायला सांगतो. हात दुखतो, बोटं बधिर होतात. "हाताला रोग झालाय का? मग दुखलं कशानं?" छातीचे स्नायू रात्रभर भीतीनं असेच आवळलेले असतात, श्वास वरच्यावर आणि भराभर होतो, त्यानं मुंग्या येतात. हे ऐकून बाई स्वतः "व्हय, पडलं की भाऊच दिसतो" म्हणाली, तर सांधा तिनं जोडला. आपण जोडलेला टिकत नाही.

तीन भेटी, सात-आठ मिनिटांच्या. सलाईन लावायला लागणाऱ्या वेळाहून हे कमीच आहे, असं मी ग्रुपवर लिहिलं. तो म्हणाला, "सलाईन सिस्टर लावती रे." याला माझ्याकडं उत्तर नव्हतं.

मी हे सगळं कौतुकानं घरच्या ग्रुपवरही टाकलं. परळीच्या आत्यानं लगेच व्हॉइस मेसेज पाठवला: "म्हंजी माझ्या गुडघ्याचं बी टेन्शनच का रे? एक्स-रेत गॅप आलाय म्हणले डॉक्टर." तिला समजावण्यात रविवार गेला. समजलं नाहीच. आता ती सगळ्यांना सांगते, पोरगा तिकडं जाऊन गुडघ्याला मनाचं म्हणायला लागलाय.

आता नोंद. भांडण खरं तर इथं आहे, कारण तिची फाईल मी पाहिली आणि तीन दवाखान्यांच्या कागदांवर मिळून एकही वाक्य तिचं नव्हतं. इथं पेशंट आपली नोंद अॅपवर वाचतो, त्यामुळं लिहिताना हात आखडतो. पण तिकडं तर फाईल पेशंटच्याच पिशवीत असते, जाईल तिथं जाते. ही सोय वापरत का नाही? मी त्याला नमुना पाठवला, केसपेपरवर मावेल एवढा:

"छातीत डावीकडं दुखणं, धडधड, मुंग्या, 8 महिने. चालताना वाढत नाही, रात्री पडल्यावर जास्त. भीती: 'भावासारखी रात्रीच जाईन.' भाऊ हृदयविकारानं गेल्यावर दहा-बारा दिवसांत सुरुवात. नाडी 84 नियमित, बीपी 124/78, बरगडीच्या सांध्यावर दाबल्यास तेच दुखणं. ईसीजी 2, इको 1, थायरॉईड नॉर्मल, तारखा मागच्या पानावर. हिमोग्लोबिन 9.4, लोह सुरू. साखर, कोलेस्टेरॉल एकदाच, भावाच्या कारणानं. समजावलं: दुखणं खरं, भीतीनं स्नायू व श्वास आवळतो. तिचं म्हणणं: 'अर्धं पटलं.' ठरलं: सलाईन नाही. दोन आठवड्यांनी गुरुवारी यायचं, दुखो वा न दुखो. चालताना दुखणं, शुद्ध जाणं, वजन घटणं, यातलं काही आलं तर तपासण्या पुन्हा."

यातलं "दुखो वा न दुखो" सगळ्यात कामाचं. ठरलेली तारीख असली की डॉक्टर भेटायला दुखणं वाढवावं लागत नाही. अमेरिकेत रिचर्ड स्मिथनं अशा पेशंटची मानसोपचारतज्ज्ञाकडून एकदा तपासणी करून फॅमिली डॉक्टरांना एक सल्लापत्र पाठवून पाहिलं, निकाल 1986 साली छापला: चार ते सहा आठवड्यांनी नेमानं बोलवा, दर वेळी थोडक्यात तपासा, कारणाशिवाय तपासण्या-भरती नको. पेशंटचा दवाखान्याचा खर्च निम्म्याच्या आसपास उतरला.

सोमॅटिक सिम्प्टम डिसऑर्डर हे आजाराचं नाव कागदावर लिहायचं का, यावर मात्र आमचं जमलं नाही. मी म्हणतो, पहिल्या भेटींत नको. पुढचा डॉक्टर ते वाचून हातच लावणार नाही. आमच्या प्रॅक्टिसमधून निवृत्त झालेल्या मॅडम, ज्यांनी मला हे शिकवलं, त्या उलट म्हणाल्या: नाव नसेल तर पुढचा डॉक्टर तिसरा इको करेल. आणि जाता जाता त्यांनी माझी हवाही काढली. इथंच झालेल्या रिअॅट्रिब्यूशनच्या मोठ्या चाचणीचा निकाल 2007 साली छापून आला. प्रशिक्षण घेतलेले डॉक्टर बोलायला सुधारले, पेशंटच्या प्रकृतीत मात्र फरक दिसला नाही. "पेशंटला मनाकडं ढकलू नकोस, शरीरात काय घडतंय ते पटेल असं समजाव," हा त्यांचा आताचा सल्ला. हे मी ग्रुपवर टाकलं नाही. तिकडं चौदा अंगठे आणखी पडले असते.

तरी दुसरी वाट कुठं जाते हे आपल्याकडं दिसलेलंच आहे. ओटीपोट दुखतं, अंगावरून पांढरं जातं म्हणून दवाखान्यात गेलेल्या बीडच्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांवर 2019 साली सरकारला चौकशी समिती नेमावी लागली. तिथं कुणी "कालचा दिवस सांगा" विचारलं असतं तर कोयता, उचल, पाळीत न मिळणारी सुट्टी, सगळं पहिल्या मिनिटात आलं असतं. अर्थात विचारून उचल फिटत नाही, हेही मला कळतं. सांधा जोडला तरी कर्ज कर्जच राहतं.

मी एवढा का भांडतो, हे बायको विचारते. मराठीत मी पेशंट तपासला तो इंटर्नशिपमध्ये शेवटचा. इथं माझी सगळी वाक्यं शिकवलेली आहेत, कुठं थांबायचं तेही शिकवलेलं. बोल्टनची एखादी म्हातारी ख्रिसमसला मुलगा आला नाही म्हणाली, तर मी चेहरा योग्य करतो, पण त्या घरात संध्याकाळी काय होत असेल ते मला दिसत नाही. पंचमीचं वाक्य वाचल्यावर मला झोका, उंबऱ्याकडं लागलेले डोळे, सासूचं कुजकं बोलणं सगळं दिसलं. आणि ते ऐकण्याची खुर्ची माझ्या मित्राकडं आहे, तो ती सलाईनच्या स्टँडला लावून ठेवतो, याचा मला राग येतो. राग की हेवा, ते बायकोनं विचारलं नाही.

काल त्याचा फोन आला. बाई गुरुवारी आली होती, अर्धा वेळ भावाचंच बोलली. नवरा म्हणतोय एमआरआय करा. आणि मंगळवारी तिनं समोरच्या दवाखान्यात सलाईन लावून घेतलं होतं. "बघ, फेल गेली तुझी पद्धत," तो म्हणाला. मी म्हटलं, सलाईन घेतलं तेही न रागावता केसपेपरवर लिही, पुढच्या खेपेला नवऱ्यालाही आत बसव, आणि तारीख दे. तारीख त्यानं दिली आहे. एमआरआयचं अजून ठरायचंय.